दहा बाय पंधराच्या खोलीत नवरा-बायकोचा एकांत

प्रश्न : लग्नाला दोन वर्षे झाली. लालबागच्या चाळीत एका खोलीत सासू-सासरे, दीर आणि आम्ही दोघे राहतो. पोटमाळ्यावर आम्ही झोपतो, पण खाली कोणी कूस बदलली तरी वर ऐकू येते. आमच्यात जवळीक जवळजवळ उरलेली नाही. नवरा म्हणतो, तुलाच इच्छा नाही. वेगळी खोली घेणे परवडत नाही. दोष माझ्यात आहे का?

अशा तक्रारीत मी सर्वांत आधी एक गोष्ट विचारते : घराबाहेर, गावी किंवा प्रवासात मुक्काम झाला तेव्हा तुमच्यात कसे होते? या जोडप्याला आपण रेश्मा आणि महेश म्हणू. ते गणपतीत कोकणात गेले होते आणि परतताना दोन रात्री एका लॉजवर राहिले होते. तिथे कोणतीच अडचण आली नव्हती. हे उत्तर फार मोलाचे आहे, कारण अडचण फक्त घरातच येत असेल तर मूळ बहुधा जागेत आणि धास्तीत असते. बाहेरही तीच टाळाटाळ, वेदना किंवा ताठरता न येणे दिसत असेल, तर आधी डॉक्टरांची तपासणी आणि मग नात्यातल्या इतर ताणांचा विचार करावा लागतो.

रेश्माची इच्छा संपलेली नव्हती. तिचा एक कान सतत खाली लागलेला असे. सासऱ्यांचा खोकला थांबला का, सासूबाई पाणी प्यायला उठल्या का, शिडी वाजली का, याकडे लक्ष असताना शरीर प्रतिसाद देत नाही, आणि हे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. शिवाय सगळे झोपेपर्यंत साडेबारा वाजत आणि महेशला सकाळी सहाला उठायचे असे. त्यामुळे जी काही जवळीक होई ती घाईची, मुकी आणि थकलेल्या अवस्थेतली असे. हळूहळू रेश्मा साध्या स्पर्शालाही दचकू लागली, कारण स्पर्शाचा शेवट त्याच घाईत होणार हे तिला ठाऊक झाले होते. आणि तिने हात बाजूला केला की महेशला तो नकार वाटे. दोघांचे दिवसभरातले बोलणेही भाजी, बिल आणि औषधे एवढ्यावर आले होते, कारण खोलीत बाकी तिघांच्या कानांवर न पडणारे वाक्य बोलायला जागाच नव्हती.

मी त्यांना आठवडाभर घराची वही ठेवायला सांगितली : कोण केव्हा घरी असते, केव्हा बाहेर जाते, केव्हा झोपते. दीर रात्रपाळीला जातो म्हणून रात्री एक माणूस कमी असतो, पण तो सकाळी येऊन दुपारी दोनपर्यंत घरातच झोपतो, त्यामुळे दुपारचा पूर्वार्ध निरुपयोगी, हे त्यांना लिहिल्यावरच स्पष्ट झाले. मंगळवारी मात्र सासूबाई चार वाजता भजनाला जात, सासरे पाचला ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बसत आणि दीर तोवर व्यायामशाळेत गेलेला असे. म्हणजे पाच ते साडेसहा घर रिकामे होते, आणि नेमका तेव्हा महेश कामावर असे. तो दुकानात नोकरीला असल्याने त्याची साप्ताहिक सुट्टी सहकाऱ्याशी बदलून मंगळवारी घेता आली. प्रत्येक घरात असा दीड तास सापडतोच असे नाही, परंतु वही न ठेवता "आमच्याकडे वेळच नसतो" असे ठरवून टाकणारी जोडपी मला वारंवार भेटतात.

पुढचा भाग अवघड होता. चाळीत दिवसा दार लावणे म्हणजे गॅलरीभर चर्चा, अशी रेश्माला भीती होती आणि ती खोटी नव्हती. इथे मी त्यांना त्यांच्याच घरातली एक रीत दाखवली. मोरीत घरातली बाई आंघोळीला गेली की पुरुष न सांगता गॅलरीत जाऊन उभे राहतात. त्यावर कधी कोणी बोलत नाही आणि कोणी लाजतही नाही. अडचणीच्या घरांत एकांत असाच टिकतो, ठरलेल्या वेळेने आणि न विचारण्याच्या सभ्यतेने. मंगळवारची वेळ त्याच रीतीत बसवायची होती.

हे घरात मुलानेच सांगावे, सुनेने नव्हे, यावर मी ठाम असते. सुनेने सांगितले तर ती घर तोडू पाहते असा अर्थ काढला जातो. मुलाने शांतपणे सांगितले तर ती त्याची गरज म्हणून ऐकली जाते. कारण देऊ नये, परवानगीही मागू नये आणि जुन्या तक्रारी त्यात मिसळू नयेत. महेश एवढेच म्हणाला, "आई, मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघे घरी असू आणि दाराला कडी असेल. काही लागले तर फोन कर." आई काही बोलली नाही. पुढच्या मंगळवारी मात्र तिने शेजारच्या वहिनींनाही भजनाला सोबत नेले. वडीलधाऱ्यांना पुष्कळदा सगळे कळत असते. कोणीतरी मर्यादेने विषय काढावा एवढीच वाट ते पाहत असतात.

पोटमाळ्यावरही थोडे काम केले. लोखंडी खाट कुरकुरत होती, ती काढून फळीवर कापसाची जाड गादी घातली. शिडीच्या पायांना रबर लावले आणि पडदा दुहेरी केला. रात्री वर टेबलफॅन सुरू राहू लागला, ज्याच्या आवाजात कुजबुज खाली पोहोचत नाही. त्यामुळे झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे बोलता येऊ लागले, आणि मला हाच बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पहिले काही मंगळवार मी त्यांना शरीरसंबंध ठेवायचा नाही असे सांगितले. फक्त जवळ असणे, पाठीवरून, केसांवरून हात फिरवणे, काय आवडते आणि काय नको ते शब्दांत सांगणे, एवढेच करायचे होते. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीचा हा गाभा आहे. स्पर्शाचा शेवट ठरलेला नाही हे कळले की दचकणे कमी होते. महेशला सुरुवातीला हे मान्य नव्हते. एवढ्या खटपटीने मिळालेला वेळ असा घालवायचा का, असे त्याने विचारले. परंतु तिसऱ्या मंगळवारी रेश्माने आपणहून त्याचा हात धरला, तेव्हा त्याचा विरोध मावळला. संबंध पुन्हा सुरू केव्हा करायचा हे मी तिच्यावर सोपवले होते. साधारण दीड महिन्याने तिने ते ठरवले.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. पाहुणे आले, सासरे आजारी पडले की मंगळवार हुकतो. अशा वेळी ते महिन्यातून एकदा लॉजवर जातात, आणि त्यासाठी महेश दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवतो. नवरा-बायकोने याची लाज बाळगण्याचे कारण नाही. ओळखपत्रे मात्र दोघांचीही सोबत असावीत. दिराचे लग्न ठरले की पोटमाळ्याची ही मांडणी चालणार नाही, म्हणून आतापासूनच ते डोंबिवलीच्या पुढे भाड्याच्या खोल्या पाहत आहेत. सासूबाईंना हे महेशने सांगितले आहे.

तुमच्या घरी मात्र नवरा बोलायलाच तयार नसेल, कडी लावल्यावर मुद्दाम दार ठोठावले जात असेल, किंवा तुमच्या नकाराला तो जुमानत नसेल, तर केवळ वेळ आणि पडदा यांनी भागणार नाही. तशा वेळी तुम्ही एकट्याच भेटायला या. दोघांनी मिळून येण्याची वाट पाहू नका.