गिगाबिट स्विच असून iperf3 मध्ये 1000 का दिसत नाही?

प्रश्न: दोन्ही स्विच गिगाबिटचे आहेत, तरी iperf3 मध्ये 350-400 Mbit/s च येतात, 1000 कधीच नाही. स्विच बदलू का?

स्विच बदलायची घाई नको. 1000 तर कोणालाच दिसत नाही. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पूर्ण फ्रेमला हेडर आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून 1538 बाइट लागतात, आणि त्यात तुमचा खरा डेटा 1448 बाइटच असतो. म्हणून टीसीपीवर 941 च्या आसपास आकडा आला की रस्ता पूर्ण भरला समजा. (94 आला तर कुठेतरी लिंक 100 वर जुळली आहे, बहुधा केबलची एखादी जोडी तुटलेली असते.)

आता तुमचे 350. एका मशीनवर `iperf3 -s` लावा आणि दुसऱ्यावर हे दोन्ही चालवा:

```
iperf3 -c 192.168.1.20 -t 30
iperf3 -c 192.168.1.20 -t 30 -R
```

`-R` ने डेटा उलट्या दिशेने येतो. शेवटच्या sender ओळीतला Retr बघा, म्हणजे किती सेगमेंट पुन्हा पाठवावे लागले ते. Retr शून्य आणि दोन्हीकडे तीनशेच्या आसपास अडकलं असेल, तर आधी लॅपटॉपचा यूएसबी लॅन अडॅप्टर तपासा. तो यूएसबी 2.0 चा असेल तर त्याची धाव तेवढीच. Retr शेकड्यांत असेल तर मात्र वाटेत फ्रेम गळताहेत.

माझ्याकडे हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये हेच झालं होतं. मे महिना, सकाळी दोन्हीकडे 941. दुपारी दोनला स्टोअरकडून ऑफिसकडे 380 आणि Retr हजारांत, उलट दिशेने मात्र 940. दोन्ही लॅपटॉप ऑफिसच्याच स्विचला लावले तर पुन्हा 941. म्हणजे ऑफिसचा स्विच सुटला, संशय उरला मधल्या अपलिंकवर. ऑफिसच्या अपलिंक पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे बिघडून आलेल्या फ्रेमचा, आकडा प्रत्येक चाचणीत वाढत होता, स्टोअरच्या पोर्टवर शून्य. सीआरसी घेणाऱ्या बाजूला मोजला जातो, त्यामुळे एकाच दिशेचं गळणं इथे स्पष्ट दिसलं.

इलेक्ट्रिशियन म्हणे, "साहेब, वायर तं नवीनच हाय." वायर नवीन होती खरी, पण ऑफिसच्या भिंतीबाहेर, टिनाच्या अगदी खाली तिला जोड दिलेला. चारही जोड्यांचा पीळ बोटभर उकललेला, वर काळी टेप, तिचा डिंक उन्हाने वितळून हाताला चिकटत होता. पीळ सुटला की एका जोडीचा सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपतो आणि जवळच्या टोकाला तो जास्त बोचतो. त्यात उन्हाने तांब्याचा रोध वाढतो, दुरून येणारा सिग्नल आणखी क्षीण होतो. सकाळी कसंबसं निभायचं, दुपारी नाही.

बिनजोडाची नवी केबल भिंतीच्या खालच्या अंगाने ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनलाच मोजलं: 941, Retr 0. स्विच जुनेच आहेत.

तुम्हीही भर दुपारी एकदा मोजा, आणि मोजण्याआधी व नंतर पोर्टचा सीआरसी लिहून ठेवा.