पगारवाढीचे पत्र वाचताना टक्क्यांच्या आधी काय पाहावे

पत्रातील वाढीचा टक्का बहुधा सीटीसीवर, म्हणजे कंपनीच्या एकूण वार्षिक खर्चावर काढलेला असतो. हाती येणाऱ्या रकमेवर नव्हे. म्हणून शेवटच्या पानावरचा तक्ता आधी उघडा आणि जुन्या पत्रातील तक्ता त्याच्या शेजारी ठेवा.

शिरोली एमआयडीसीतील माझ्या एका तरुण सहकाऱ्याला दहा टक्के वाढ मिळाली आणि सीटीसी 6,00,000 वरून 6,60,000 झाला. मात्र त्यातच वार्षिक व्हेरिएबल पे 30,000 वरून 66,000 झाला होता आणि मूळ वेतन महिना 20,000 वरून 27,500 वर नेल्यामुळे कंपनीचा पीएफ हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही वाढली होती. हे तिन्ही घटक सीटीसीतून वजा केल्यावर महिन्याचा ढोबळ पगार 44,138 वरून जेमतेम 44,877 झाला. त्याचा स्वतःचा पीएफ पूर्ण मूळ वेतनाच्या बारा टक्क्यांनी कापला जात असल्याने कपात 2,400 वरून 3,300 वर गेली, आणि हाती येणारी रक्कम 161 रुपयांनी घटली.

पीएफची वाढ मला तोट्याची वाटत नाही, कारण तो पैसा बहुतांशी आपल्याच खात्यात जमा होतो. खरा प्रश्न व्हेरिएबलचा आहे. तो कोणत्या निकषावर व कधी मिळतो, आणि नोटीस काळात असलेल्याला मिळतो का, हे सही करण्यापूर्वी एचआरला ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.