BF3 मध्ये एकही हायड्रोजन नाही, मग अमोनियासमोर ते आम्ल कसं ठरतं?

अमोनियाला हवी असते ती रिकामी जागा. ती H+ ने दिली काय किंवा बोरॉनने दिली काय, नायट्रोजनला फरक पडत नाही.

अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटल्या शेजारी ठेवल्या की मधोमध पांढरा धूर होतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलं असेल. तो धूर म्हणजे अमोनियम क्लोराइडचे बारीक कण. तिथे H+ क्लोरीनला सोडून नायट्रोजनकडे जातो. आता या H+ कडे नीट बघा. त्याच्याजवळ एकही इलेक्ट्रॉन नाही, आहे ती फक्त एक रिकामी कक्षिका. नायट्रोजन आपली मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी पुढे करतो, H+ तीत वाटेकरी होतो आणि चौथा N–H बंध तयार होतो. म्हणजे ज्याला आपण 'प्रोटॉन स्वीकारणं' म्हणतो, तेच नायट्रोजनच्या बाजूने पाहिलं तर 'जोडी देणं' आहे. गिल्बर्ट लुईस यांनी 1923 मध्ये व्याख्या इथून बांधली: जोडी देतो तो आम्लारी, जोडी घेतो ते आम्ल. प्रोटॉनवर आधारलेली ब्रॉन्स्टेड आणि लौरी यांची व्याख्याही त्याच वर्षीची.

आता वहीवर मोजून बघा. बोरॉनचे स्वतःचे बाह्य इलेक्ट्रॉन 3. तीन फ्लोरिनशी तीन बंध झाले की त्याच्याभोवती 6 होतात. अष्टकाला दोन कमी, आणि त्या दोघांची जागा म्हणजे एक संपूर्ण रिकामी पी कक्षिका. BF3 चा रेणू सपाट असतो, कोन 120 अंशांचे, आणि ही कक्षिका त्या पातळीच्या वर आणि खाली पसरलेली असते. नायट्रोजनचे बाह्य इलेक्ट्रॉन 5. तीन हायड्रोजनशी बंध करण्यात त्यातले तीन खर्च होतात, दोन तसेच जोडीने उरतात. एकाकडे जागा आहे, दुसऱ्याकडे त्या मापाची जोडी आहे.

दोन्ही कोरडे वायू एकत्र आणले की H3N→BF3 हा पांढरा घन पदार्थ मिळतो. गे-ल्युसॅकने तो 1809 मध्येच बनवला होता, इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. प्रमाण रेणूला रेणू: 17 ग्रॅम अमोनियाला जवळजवळ 68 ग्रॅम BF3 लागतो, आणि 85 ग्रॅम संयुग मिळतं. बाजूला काहीही निघत नाही. क्लोराइडसारखा मागे राहणारा आयन नाही, पाणी नाही. नुसती जोडणी.

ही जोडणी खरोखर झाली, हे बोरॉनच्या आकारावरून कळतं. चौथा बंध आला की सपाट बोरॉनला तसं राहता येत नाही. तिन्ही फ्लोरिन नायट्रोजनपासून मागे झुकतात, छत्री वाऱ्याने उलटावी तसे, आणि F–B–F कोन 120 वरून सुमारे 111 अंशांवर येतो. B–F बंधही लांबतात, सुमारे 1.31 अँगस्ट्रॉमवरून 1.38 पर्यंत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात बोलकी गोष्ट ही लांबीच आहे, कारण ती सांगते की BF3 ची रिकामी कक्षिका खऱ्या अर्थाने रिकामी नव्हतीच. फ्लोरिन आपल्या मोकळ्या जोड्यांमधून थोडी इलेक्ट्रॉन-घनता तिच्यात ओतत होते, म्हणून B–F बंध आखूड होते. अमोनिया आल्यावर ती ऊब सोडावी लागली.

एक प्रश्न बहुतेकांना अडतो, तो इथेच सुटतो. फ्लोरिन सर्वात विद्युतऋण, तेव्हा तो बोरॉनचे इलेक्ट्रॉन सर्वात जास्त ओढणार आणि BF3 हे BCl3 पेक्षा प्रबळ आम्ल असणार, असं वाटतं. अमोनियासारख्या आम्लारीसमोर क्रम उलटा निघतो: BF3 सर्वात कमी, मग BCl3, मग BBr3. याचं नेहमी दिलं जाणारं कारण हेच, की फ्लोरिनची कक्षिका आकाराने बोरॉनच्या कक्षिकेशी चांगली जुळते, त्यामुळे ती रिकामी जागा तो जास्त भरून काढतो. क्लोरीन आणि ब्रोमीनला ते तितकं जमत नाही.

दुसरी अडचण 'देणं' या शब्दाची. नायट्रोजनने जोडी दिली म्हणजे ती गमावली असं नाही. ती दोघांच्या मध्ये राहते, दोघेही तिला आपली मोजतात. फक्त हिशोबाचा भार बदलतो. संयुगात नायट्रोजनचे चार बंध आहेत, प्रत्येकातला एक इलेक्ट्रॉन त्याचा धरला तर 4 होतात. मुळात 5 होते, म्हणून +1. बोरॉनच्या वाट्याला 4, मुळात 3, म्हणून −1. एकूण बेरीज शून्य. बाण काढताना तो नेहमी जोडीकडून रिकाम्या जागेकडे काढा. मी तपासलेल्या वह्यांमध्ये सर्वात जास्त चुका याच बाणात असतात, कारण मुलांच्या डोक्यात 'आम्ल हल्ला करतं' हे बसलेलं असतं.

हे कागदापुरतं नाही हे मला प्रयोगशाळेत कळलं. आम्ही BF3 वायूच्या नळकांड्याऐवजी त्याचं इथरशी झालेलं संयुग वापरायचो, ते द्रवरूप असतं आणि सुईने मोजून घेता येतं. तिथे बोरॉनची जागा इथरच्या ऑक्सिजनने धरलेली असते, पण सैल. एकदा 10 मिलिमोल अल्डिहाइडवर डायथायॉलची प्रक्रिया करायची होती, त्यात हा उत्प्रेरक 1 मिलिमोल घातला. चार तास झाले, काहीच पुढे सरकेना. अल्डिहाइड आदल्या दिवशी ज्या पद्धतीने बनवलं होतं, तिच्यात ट्रायएथिलअमाइन वापरतात. फ्लास्कचं बूच काढून हुंगलं तर मासळीसारखा वास आला. फक्त 0.2 मिलिलिटर, म्हणजे चार-पाच थेंब उरले असतील, तरी तो अमाइन जवळजवळ दीड मिलिमोल भरतो. आमच्या 1 मिलिमोल BF3 ला पुरून उरणारा. अमाइनचा नायट्रोजन इथरच्या ऑक्सिजनपेक्षा जास्त सहज जोडी देतो, त्याने बोरॉन पकडून ठेवला आणि अल्डिहाइडच्या वाट्याला काहीच आलं नाही. अल्डिहाइड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन, वाळवून पुन्हा घेतलं आणि त्याच प्रमाणात प्रक्रिया व्यवस्थित झाली.

तुमचा प्रश्न दुसऱ्या एखाद्या रेणूबद्दल पडला तर आधी जागा शोधा. BF4− मध्ये बोरॉन आहे, फ्लोरिनही आहेत, पण चार बंधांनी अष्टक पूर्ण झालं आहे, म्हणून अमोनियासमोर ते आम्ल म्हणून वागत नाही.