मोदकांची जाहिरात लिहिताना

मिठाईच्या दुकानासाठी पहिल्यांदाच लिहिताय, तर बाप्पाला विक्रेता करू नका. ‘बाप्पा म्हणतात, आजच ऑर्डर करा’ ही ओळ घरी मूर्ती बसवणाऱ्याला खटकते, कारण ज्याच्यापुढे नैवेद्य ठेवायचा त्यालाच आपण गल्ल्यावर बसवतो. घरच्या माणसाशी बोला: ‘नैवेद्याचे २१ उकडीचे मोदक, चतुर्थीला सकाळी ९ पर्यंत घरपोच. कांदा-लसणाचा स्पर्श नाही.’ हे शेवटचं खरं असेल तरच छापा. ‘एकावर एक फुकट’ नैवेद्याला शोभत नाही. सवलत द्यायचीच तर आगाऊ नोंदणीवर द्या.

चित्राचं जास्त जपा. खोका, पत्रक, कागदी पिशवी शेवटी कचऱ्यात जाते, पायाखालीही येते, म्हणून त्यांवर मूर्ती नकोच. दूर्वा, जास्वंद, केळीचं पान पुरतं. मोबाइलवरच्या पोस्टमध्ये मूर्ती घेतलीत तर किमतीची पट्टी तिच्यावर चढवू नका, आणि चौकोनी कापल्यावर मुकुट किंवा पाय तुटत नाहीत ना, ते आधी बघा.

आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट विसर्जनाच्या संध्याकाळी घात करतात. घरात निरोपाची आरती चालू असताना ‘शेवटची संधी’ झळकते. दीड, पाच, सात दिवस आणि अनंत चतुर्दशी, या संध्याकाळी विक्रीची पोस्ट ठेवूच नका.