टपरीवरचा वाद आणि पान 5 वरची बातमी

प्रश्न : वय 54, कापूस आणि मका करतो. सकाळी स्टँडजवळच्या टपरीवर चहाला जातो. पेपरातल्या एखाद्या मथळ्यावरून शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी वाद होतो आणि आवाज चढतो. घरी आल्यावरही तासभर धडधड होते, मग दुपारपर्यंत तेच बोलणं डोक्यात घोळत राहतं. घरचे म्हणतात, टपरीवर जाणं बंद करा. गप्प बसलो तर भित्रा झाल्यासारखं वाटतं. काय करावं?

उत्तर : धडधडीसाठी आधी डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्या. शांत बसलेले असताना वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजून घ्या. छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल किंवा दम लागत असेल, तर आजच दाखवा. ही तक्रार समुपदेशनाने सुटणारी नाही.

टपरी मात्र बंद करू नका. टपरीवरच्या अशाच वादांची तक्रार घेऊन धरणगावकडचे एक शेतकरी समुपदेशनाला आले होते. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. घरच्यांच्या सांगण्यावरून त्यांनी महिनाभर टपरी सोडली होती, पण वाद काही थांबला नाही. फक्त समोरचा माणूस मनातला झाला, आणि मनातला माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच बोलतो, त्यामुळे राग आणखी पक्का होतो. म्हणून त्यांना शेवटचा वाद संवाद म्हणून लिहून आणायला सांगितलं. कोण काय बोललं एवढंच लिहायचं, 'तो उर्मटपणे म्हणाला' वगैरे शेरे नकोत. आठवतं तेवढंच पुरतं. मथळा होता : 'शेतकऱ्यांचा कापूस परत, खरेदी केंद्रावर संताप'.

शेतकरी : पाहा, परत पाठवला कापूस. लूट चालू आहे नुसती.
दुसरा : लूट कसली? ओला माल आणायचा आणि वरून बोंब मारायची.
शेतकरी : तुम्हाला काय कळतं शेतीतलं?
दुसरा : तुमच्यासारख्यांमुळेच खान्देशच्या कापसाचं नाव खराब झालं.
शेतकरी : दलाल दिसता तुम्ही कोणाचे तरी.

पुढे शिव्या होत्या, त्यांनी लिहिल्या नव्हत्या. हा कागद आधी त्यांनी आणि समुपदेशकाने मिळून मोठ्याने वाचला. मग त्यांना एकच काम दिलं : कापसाबद्दलचं शेवटचं वाक्य कोणतं, तिथे पेनाने रेघ ओढा. रेघ दुसऱ्या वाक्याखाली आली. तिसऱ्या वाक्यापासून कापूस, भाव, केंद्र काहीच उरत नाही, उरतात ती दोन माणसं. चौथ्यात कापसाचं नाव येतं खरं, पण तेही समोरच्यावर फेकायला. दुसरी गोष्ट त्यांची त्यांनाच दिसली : अख्ख्या कागदावर खरी विचारपूस कुठेच नाही. 'तुम्हाला काय कळतं' या वाक्याला प्रश्नचिन्ह आहे, पण उत्तर कोणाला हवं होतं?

मग खुर्च्या बदलल्या. ते 'दुसरा' झाले आणि समुपदेशक शेतकरी. भूमिकांची ही अदलाबदल मानसोपचारतज्ज्ञ याकोब मोरेनो यांच्या मनोनाट्य या उपचारपद्धतीतून आलेली आहे, आणि तिचा उपयोग दया आणण्यासाठी नसतो. समोरच्याबद्दल आपल्याला किती कमी माहीत आहे, ते त्यातून उघडं पडतं. इथेही तेच झालं. दोन वाक्यांनंतर ते अडले, कारण तो माणूस कोण, काय करतो, त्याला ओल्या मालाचा एवढा राग का, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. म्हणून पुढच्या भेटीपर्यंत दोन कामं ठरली. ती बातमी शेवटपर्यंत वाचायची, आणि चहावाल्याला त्या माणसाबद्दल सहज विचारायचं. कळलं ते असं की तो माणूस एका जिनिंगमध्ये काट्यावर असतो. गाडी परत गेली की पहिल्या शिव्या त्यालाच बसतात.

त्यानंतर संवाद नव्याने लिहिला, या वेळी त्यांच्या अहिराणी वळणाच्या बोलीत. पहिल्या दोन वाक्यांतलं म्हणणं मुद्दाम तसंच ठेवलं, कारण समोरचा काय बोलेल ते आपल्या हातात नसतं. आपल्या हातात तिसरं वाक्य असतं.

शेतकरी : हाई देखा भाऊ, परत पाठवला कापूस. लूट शे नुसती.
काटेवाला : लूट कसली? ओला माल आणायचा आणि वरून बोंब मारायची.
शेतकरी : म्हणजे माल ओला येतो म्हणून परत जातो, असं तुमचं म्हणणं.
काटेवाला : मग काय! पहाटे दवात वेचायचा, तसाच गाडीत भरायचा. वरून हात लावला तर कोरडा, खाली ओला.
शेतकरी : (घोट घेऊन) दवातला माल येतो, हे खरं शे. आमच्या गल्लीतूनही जातो.
काटेवाला : तसे सगळेच आणत नाहीत म्हणा.
शेतकरी : पुढची बातमी पान 5 वर शे. कुठे गेलं ते पान?
चहावाला : भज्यांखाली गेलं, आबा. हे घ्या, तेलकट झालंय पण वाचता येईल.
काटेवाला : (वाचतो) 'बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघालेल्या गाड्या परत, उर्वरित खरेदी सुरळीत.' हे वर कुठे लिहिलंय?
शेतकरी : बारापर्यंत घेतात, मग पैसे कापतात कसे?
काटेवाला : आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्यापुढे जेवढे टक्के ओलावा जास्त, तेवढे टक्के भाव कमी. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8,110. ओलावा अकरा निघाला, तर क्विंटलला 243 रुपये गेले.
शेतकरी : माले कोणी आकडा सांगितलाच नही. मीटर खुपसलं, मान हलवली, गाडी बाजूला.
काटेवाला : कुठे खुपसलं?
शेतकरी : एकच जागी. खाली, फाळक्याजवळ.
काटेवाला : तिथे ओल धरतेच. तीन-चार जागी लावा म्हणायचं, आणि आकडा दाखवा म्हणायचं.
शेतकरी : तुम्ही असता कुठे?
काटेवाला : जिनिंगला, काट्यावर.
शेतकरी : तरी मी लूटच म्हणेन.
काटेवाला : म्हणा. मी ओला मालच म्हणेन. मीटर मात्र तीन जागी लावायला सांगा.

सगळा वाद तिसऱ्या वाक्यावर फिरतो, म्हणून तालीमही त्याचीच जास्त झाली. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगून झाल्याशिवाय आपलं म्हणणं मांडायचं नाही, हा नियम कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवला होता. ऐकायला सोपा वाटतो, पण करायला गेलं की पहिल्या काही वेळा हमखास टोमणा निघतो. 'म्हणजे सगळे शेतकरी चोर, असंच ना?' हेही वरवर त्याचंच म्हणणं, पण फुगवून परत केलेलं. फरक समोरच्याच्या उत्तरावरून ओळखायचा. तो 'मी तसं म्हटलंच नाही' म्हणाला, तर आपलं चुकलं. त्याने 'मग काय!' म्हणून आणखी तपशील दिला, तर जमलं. 'सगळे', 'नेहमी', 'असंच ना' हे शब्द काढून टाकले की बहुतेक टोमणे आपोआप पडतात.

'दवातला माल येतो, हे खरं शे' या वाक्यानंतर पूर्णविराम आहे आणि चहाचा घोट आहे. आमच्या गृहस्थांची जीभ तिथे दर वेळी 'पण'कडे धावायची. 'खरं आहे, पण...' म्हटलं की समोरच्याला फक्त 'पण'च्या पुढचं ऐकू येतं. म्हणून तालमीत खरा चहा ठेवला होता आणि घोट घेण्याची अटच होती. मान्य करायचं तेही आपल्याला खरोखर मान्य असलेलं आणि लहानसं असावं. खोटं मान्य केलेलं टपरीवर लगेच ओळखू येतं आणि ते लाचारीसारखं दिसतं. गप्प बसण्यापेक्षा याला जास्त धीर लागतो, त्यामुळे भित्रेपणाची शंका इथे टिकत नाही.

पान 5 मागवण्याचं कारण वेगळं आहे. मथळा बहुधा बातमीदार देत नाही, कार्यालयात बसलेला उपसंपादक देतो. ठरलेल्या रुंदीत मोजकेच शब्द बसतात, आणि 'बारा टक्के' गळून 'संताप' उरतो. दोघेही त्या चार शब्दांवरच भांडत असतात. आतला मजकूर वाचला की दोघांचे डोळे एकाच कागदावर येतात. लगेच विचारायचा प्रश्न 'कसं'चा असावा. 'तुम्हाला असं का वाटतं?' म्हटलं की माणूस आपली बाजू लढवायला लागतो. 'पैसे कसे कापतात?' म्हटलं की त्याला व्यवहार सांगावा लागतो, आणि व्यवहार सांगताना आवाज खाली येतो.

शेवटची तीन वाक्यं काही जणांना अपुरी वाटतात. त्या गृहस्थांनीही आधी 'तुमचं बरोबर आहे भाऊ' असा शेवट लिहिला होता. तो काढायला लावला, कारण तो त्यांना मान्य नव्हता, आणि मान्य नसलेला शेवट दुपारी पुन्हा डोक्यात घोळतो. लूट की ओला माल, यावर दोघं एक झाले नाहीत, होण्याची गरजही नव्हती. मीटर कुठे लावावं यावर झाले, आणि ते पुढच्या गाडीला उपयोगी पडेल.

प्रत्यक्षात तो माणूस पुन्हा भेटला तेव्हा संवाद कागदाप्रमाणे गेला नाही. तो 'आज नको आबा' म्हणून पेपर घेऊन बाजूला बसला. आमच्या गृहस्थांनी 'काट्यावर असता ना तुम्ही?' एवढंच विचारलं. जुजबी बोलणं झालं. मीटरचा विषय बऱ्याच दिवसांनी निघाला, तोही त्यानेच काढला.

तुम्ही आधी कागदावर शेवटचा वाद लिहा, रेघ ओढा आणि फक्त तिसरं वाक्य बदला. घरातल्या कोणाला तरी समोर बसवून ते मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य ऐन वेळी तोंडात येत नाही. कान गरम होणं, समोरच्याचं वाक्य तोडणं किंवा ग्लास जोरात ठेवणं, यातलं एक जरी दिसलं, तर त्या दिवशी तिसरं वाक्यही वापरू नका. पैसे द्या आणि उठा. चढलेलं अंग उतरायला साधारण वीस मिनिटं लागतात, पण चालताना तोच वाद मनात चालू ठेवला तर ती वीस मिनिटं सुरूच होत नाहीत. समोरचा प्यायलेला असेल, किंवा मथळा जातीधर्माचा असून भोवती माणसं जमायला लागली असतील, तर यातलं काहीच करू नका, सरळ निघा. जमलेल्या माणसांसमोर कोणीही मागे सरत नाही, तुम्हीही नाही. आणि जमलं तर पेपर येण्याआधीच टपरीवर जाऊन बसा. शेजारच्याचं गाव आणि काम आधी विचारून झालेलं असलं, की त्याला दलाल म्हणणं अवघड जातं.