जाम झालेला स्पार्क प्लग: मोडू न देता, आत काही पडू न देता

प्रश्न: प्लग पाव फेरा फिरला आणि पुन्हा घट्ट झाला. आणखी जोर लावू का?

नको, इथेच थांबा. प्लग हलला म्हणजे वॉशरची बैठक सुटली. आता अडवताहेत ते आटे. प्लगच्या खालच्या आट्यांवर कार्बन साचतो आणि प्लग वर येताना तो हेडच्या आट्यांत ओढला जातो. तसंच ओढत राहिलात, तर ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर निघून येतात, नाहीतर प्लगच मोडतो.

मात्र तेल घालायला हीच वेळ चांगली. प्लग पक्का बसलेला असताना वॉशर आट्यांकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणून आधी ओतलेलं बरंचसं तेल वरच राहतं. १४ मिमीच्या नेहमीच्या प्लगला एका फेऱ्यात १.२५ मिमी उंची मिळते. म्हणजे पाव फेऱ्यात जेमतेम ०.३ मिमी फट पडते. तेलाला तेवढी पुरते. गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचे चार-पाच थेंब बुडाशी सोडा आणि निदान अर्धा तास थांबा. रात्रभर थांबता आलं तर उत्तमच. तेल भसाभस ओतू नका. ते झिरपून सिलिंडरमध्ये साचतं.

मग प्लग किंचित आत फिरवा, हलका होईपर्यंत. आता बाहेर फिरवा. जोर वाढू लागला की जेवढं बाहेर फिरवलं त्याच्या निम्मं परत आत. अशा येण्याजाण्याने कार्बनचा चुरा होतो आणि तेल आणखी खाली उतरतं. आट्यांची लांबी १९ मिमी असेल, तर पूर्ण बाहेर यायला साधारण पंधरा फेरे लागतात, त्यामुळे हे काम सावकाशीचंच आहे. करकर आवाज आला तर आटे कोरडे आहेत: परत आत, पुन्हा तेल, पुन्हा थांबा. दांडा फिरतोय पण हाताला मऊ, लोण्यासारखं लागतंय, तर धातू फाटतोय. ताबडतोब हात आवरा.

पाना सरळच हवा. तो तिरका झाला की प्लगची पांढरी चिनी माती तडकते. शक्यतो आतून रबर असलेला प्लगचा सॉकेट वापरा आणि एक हात सॉकेटच्या डोक्यावर ठेवून तो उभा धरा.

प्रश्न: इंजिन गरम करून प्लग सोडवणं सोपं जातं का?

थोडं जातं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पण तापलेलं ॲल्युमिनियम मऊही होतं आणि आटे लवकर सोलले जातात. म्हणून आधी थंड इंजिनावर प्रयत्न करा. प्लग अजिबात हलत नसेल, तरच इंजिन काही मिनिटं चालवून हाताला सोसेल इतकं कोमट करा. एकदा सैल केलेल्या प्लगवर मात्र इंजिन चालवू नका, आणि तेल लावलेल्या जागी ज्योत कधीच नेऊ नका.

प्रश्न: प्लगच्या खळग्यात वाळू आणि माती साचली आहे. ती आत जाऊ नये म्हणून काय करू?

पाना लावण्याआधी डोळ्यांवर चष्मा चढवून हवेच्या फवाऱ्याने खळगा साफ करा. हवा नसेल तर ब्रशने माती सुटी करून बारीक नळीने ओढून घ्या. पण खरी वाळू प्लगच्या षट्कोनाखाली, वॉशरच्या कडेला दडलेली असते. म्हणून प्लग एक फेरा सोडवून पुन्हा हवा मारा. तेव्हा भोक आट्यांनी अजून बंदच असतं. हा दुसरा फवारा बहुतेक जण विसरतात. काही मोटरसायकलींच्या हेडमध्ये खळग्यातलं पाणी जायला छोटं छिद्र असतं. ते बुजलं असेल तर तारेने मोकळं करा. प्लग निघताच भोकावर मोठं, स्वच्छ फडकं ठेवा.

प्रश्न: षट्कोन तुटून हातात आला, आट्यांचा भाग हेडमध्येच राहिला. आता?

किक किंवा स्टार्टर मारू नका. चिनी मातीचा तुकडा सिलिंडरची भिंत खरवडतो किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतो. चिनी मातीचा उरलेला गाभा वरच्या बाजूनेच ओढून काढा. तो खाली ठोकलात, तर टोकाचा इलेक्ट्रोड मोडून पिस्टनवर पडेल. मग तेल मुरू द्या, मोडलेला भाग फिरवून काढायच्या चौकोनी निमुळत्या एक्स्ट्रॅक्टरला जाड ग्रीस फासा म्हणजे चुरा त्यालाच चिकटेल, आणि तो हलकेच ठोकून बसवा. जोरात ठोकलात तर प्लगचं उरलेलं पोलादी कवच फुगून आट्यांत आणखी आवळतं. फिरवायची रीत तीच, पुढे-मागे. आत काही पडलंच, तर चुंबक फक्त पोलाद उचलेल. ॲल्युमिनियम आणि चिनी माती बारीक नळीने ओढूनच काढावी लागते. एवढं करूनही कवच हललं नाही, तर हेड उतरवणं हाच सुरक्षित मार्ग.

प्रश्न: नवा प्लग किती आवळू म्हणजे पुन्हा जाम होणार नाही?

आधी बोटांनी पूर्ण बसवा. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, तर १० मिमीला १० ते १२ पुरेत. टॉर्क पाना नसेल, तर वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा फेरा. मुलामा असलेल्या आट्यांना ग्रीस लावू नका. घसरण वाढते आणि तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.