लोह नेमकं कुठून बाहेर पडतं?

"मॅडम, आधीच्या कॅप्सूलनं पोरीची लघवी तांबडी व्हायची. लोह जातंय हे डोळ्याला दिसायचं. आता नवीन गोळी सुरू करून बरेच महिने झाले, लघवी एकदम साफ. वरून फेरीटीन वाढलं. ही गोळी लागूच पडत नाही का? जुनी पाकिटं घरात आहेत, तीच देऊ का?"

बीड जिल्ह्यातल्या एका आईनं, मुलीला रक्त चढत असताना, बाजूच्या खुर्चीवर बसून हे विचारलं. मुलगी दहा वर्षांची, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही म्हणून सतत रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह अंगात साचतं, ते काढायला ही औषधं, आणि साठा किती आहे त्याचा अंदाज रक्तातल्या फेरीटीनच्या आकड्यावरून. मी तिला पहिल्यांदा एवढंच सांगितलं की ताई, जुनं पाकीट आज घरी गेल्यावर मेडिकलवाल्याकडे परत करा, तुमच्याजवळ ठेवू नका. त्याचं कारण शंकेच्या उत्तराइतकंच महत्त्वाचं आहे, पण आधी शंका.

जुनं औषध म्हणजे डेफेरिप्रोन. ते लोहाला धरून जे संयुग बनवतं ते तांबूस रंगाचं असतं आणि ते मुख्यतः मूत्रपिंडातून, म्हणजे लघवीतून जातं. नवीन गोळी डेफेरासिरॉक्स. तिनं धरलेलं लोह यकृतातून पित्तात उतरतं आणि पित्तासोबत आतड्यात जाऊन बहुतेक सगळं शौचावाटे बाहेर पडतं. लघवीत फार थोडं येतं, म्हणून रंग बदलत नाही. लघवी साफ असणं या गोळीवर अपेक्षितच आहे. शौचाचा रंग बघूनही लोह गेलं की नाही ते ओळखता येत नाही, त्यामुळे रोज डोळ्यानं बघण्यासारखी खूण या औषधाला नाही.

मग लोह आधी साचतंच का? रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० मिलिग्रॅम लोह असतं. चढवलेल्या लाल पेशी जुन्या झाल्या की प्लीहा आणि यकृतात फुटतात आणि त्यांतलं लोह मोकळं होतं. आपल्या शरीराला लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोयच नाही. दिवसाला एखादा मिलिग्रॅम त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून जातो, तेवढाच. या मुलीला दर तीन आठवड्यांनी एक पिशवी लागते, म्हणजे वर्षाला १७ पिशव्या, सुमारे ३.४ ग्रॅम लोह. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून जेवढं लोह असतं जवळपास तेवढं दहा वर्षांच्या लेकराच्या अंगात दरवर्षी भर पडतं. रक्तातलं वाहक प्रथिन भरून गेलं की उरलेलं लोह मोकळं फिरतं आणि हृदय, यकृत, स्वादुपिंड, वाढीच्या ग्रंथी यांत शिरतं. गोळी याच मोकळ्या लोहाला धरते. लोहाच्या एका अणूला धरायला सहा बाजू लागतात. डेफेरासिरॉक्सचा एक रेणू तीन बाजूंनी धरतो, म्हणून एका अणूसाठी दोन रेणू लागतात. औषध कमी पडलं की लोह तेवढं सुटलंच. साठा एकदम उपसला जात नाही, जे मोकळं होईल ते रोज थोडं थोडं धरलं जातं. म्हणून ही गोळी रोज घ्यायची.

आईला मी वहीत हिशोब मांडून दाखवला. तीन आठवड्यांत २०० मिलिग्रॅम आत, म्हणजे दिवसाला साडेनऊ. गोळी सुरू झाली तेव्हा मुलीचं वजन २० किलो होतं आणि डॉक्टरांनी दिलेली ५०० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे किलोमागे २५. मधल्या काळात उंची वाढली, वजन २५ किलो झालं. गोळी तीच, पण किलोमागे फक्त २० उरले. या मात्रेला दिवसाला सरासरी आठेक मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं. साडेनऊ येतात, आठ जातात. फेरीटीन २४०० चं २५५० होणारच. किलोमागे २० ला साठा साधारण आहे तिथेच राहतो किंवा हळूहळू वाढतो, तो उतरायला ३० च्या आसपास जावं लागतं. हे वाढवायचं डॉक्टरांनीच, कारण मात्रेसोबत मूत्रपिंड आणि यकृतही तपासावं लागतं. घरच्यांनी आपल्या मनानं अर्धी गोळी जास्त द्यायची नाही.

आणि ते आठ तरी पूर्ण जात होते का? मी विचारलं, गोळी कशी देता ते दाखवा. ती म्हणाली, "पोरगी पाण्यात घेत नाही, म्हणून नाश्ता झाल्यावर अर्धा पेला दुधात घोटून देते." तिच्या पिशवीतल्या स्टीलच्या पेल्यात आम्ही दुधात गोळी टाकली, चमच्यानं ढवळली, दूध दुसऱ्या भांड्यात ओतून काढलं. तळाला पांढरा गाळ बोटभर चिकटलेला. दूधही पांढरं, गोळीही पांढरी, रोज तो गाळ पेल्याबरोबर विसळून जात होता. दुधात ही गोळी नीट विरघळत नाही, आणि भरल्या पोटी किती शोषली जाईल याचा भरवसा राहत नाही. बरोबर रीत अशी: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यात बारीक होईपर्यंत ढवळायची, लगेच पाजायची, मग पेल्यात पुन्हा दोन घोट पाणी घालून तळ खरवडून तेही पाजायचं. अर्ध्या तासानं नाश्ता. चव नकोच म्हणाली तर संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस चालतो. ही गोळी अख्खी गिळायची किंवा चावायची नाही.

आता जुन्या पाकिटाचं. मुलीच्या फाइलमध्ये होतं की डेफेरिप्रोनवर असताना तिच्या पांढऱ्या पेशी, त्यातही संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली गेल्या होत्या. अशा वेळी साधा तापही जिवावर बेतू शकतो, म्हणून औषध थांबवलं. हा परिणाम एकदा झाला की ते औषध पुन्हा सुरू करायचं नसतं. लघवीच्या रंगाचा दिलासा मिळावा म्हणून घरातली उरलेली कॅप्सूल देणं या मुलीसाठी खरा धोका होता. आईला तेव्हा फक्त "गोळी बदलली" एवढंच कळवलं गेलं होतं. कारण कळलं असतं तर ती शंका आलीच नसती, असं मला वाटतं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी मात्रा ७५० केली, म्हणजे ५०० ची एक आणि २५० ची एक. पहिला महिनाभर दर आठवड्याला मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, नंतर महिन्याला रक्त चढवतानाच क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी. एक सूचना मी आईकडून वदवून घेतली, कारण उन्हाळा तोंडावर होता आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पोरांना उलट्या-जुलाब लागतात: अंगातलं पाणी कमी झालं की गोळी बंद, लगेच फोन. कोरड्या शरीरात हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं परत सुरू करायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा.

सहा महिन्यांनी फेरीटीन २१०० आलं. दर तीन महिन्यांनी मोजतो, आणि ताप किंवा संसर्ग चालू असेल तर त्या दिवशी मोजत नाही, कारण तेव्हा आकडा लोहाशिवायच फुगतो. वजनही प्रत्येक वेळी फाइलवर लिहितो. आई आता लघवीचा रंग विचारत नाही, "किलोमागे किती झाले?" असं विचारते. पण रक्तातलं फेरीटीन उतरतंय म्हणून हृदयातलं लोहही तेवढंच उतरलं असेल असं समजता येत नाही, ते वेगळ्या गतीनं साचतं आणि वेगळ्या गतीनं निघतं. त्यासाठी हृदयाचा टी-टू-स्टार एमआरआय करायचा आहे. त्यात आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली आला तर हृदयात लोह आहे असं धरतात आणि औषधाचा विचार पुन्हा करावा लागतो. तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे.